जागा सुचवावी कशी? बढाई गाळून, उपयोगाचं तेवढं ठेवून

कोणी विचारतं, ‘दोन दिवस सुट्टी आहे, कुठं जाऊ?’ आणि आपण लिहून मोकळे होतो: ‘अमुक ठिकाणी जा, स्वर्ग आहे स्वर्ग! आम्ही पहाटे निघालो, दुपारपर्यंत सगळं पाहून झालं, गर्दी अजिबात नव्हती.’ वाचणाऱ्याला यातून काय मिळालं? आपण खूश होऊन आलो, एवढंच. त्यानं कुठं उतरायचं, कोणत्या दिवशी जायचं नाही, आईला चढता येईल का, यातलं एकही उत्तर त्यात नाही.

असं लिहिणारे लोक वाईट नसतात. आनंदाच्या भरात माणूस आधी स्वतःबद्दल बोलतो, त्यामुळं वाक्याचा कर्ता ‘मी’ किंवा ‘आम्ही’ होतो आणि माहितीची जागा अनुभव घेतो. बहुतेक वेळा बढाई म्हणजे अर्धवट राहिलेली माहितीच असते. ‘आम्ही दीड तासात वर’ या वाक्यात चढाईची माहिती दडलेली आहे, पण ती बाहेर काढण्याचे कष्ट कोणी घेतलेले नाहीत. ते कष्ट कसे घ्यायचे, ते इथं क्रमानं सांगतो. उदाहरणाला अजिंठ्याची लेणी घेतो. ती सगळ्यांना ऐकून माहीत असतात आणि तरीही तिथं जाणारे अगदी साध्या गोष्टींवर अडतात.

आधी विचारणारा कोण, ते बघा

समजा, एकीनं विचारलं आहे: ‘जळगावला लग्नाला येतोय. मधला एक दिवस मोकळा आहे. सोबत सत्तरीची आई आणि नऊ वर्षांचा मुलगा. अजिंठा जमेल का?’

प्रश्न नीट वाचला की उत्तराचा अर्धा आराखडा तिथंच मिळतो. निघायची जागा जळगाव, वेळ एक दिवस, सोबत चालण्याला मर्यादा असलेली आई आणि लवकर कंटाळणारं पोर. याच लेण्यांबद्दल चित्रकलेच्या विद्यार्थ्यानं विचारलं असतं, तर उत्तर पार निराळं झालं असतं. तेव्हा कुठून येणार, सोबत कोण आणि हातात किती वेळ, या तीन गोष्टी प्रश्नात नसतील तर आधी विचारून घ्या. त्या न विचारता पाच परिच्छेद लिहिणारा माणूस खरं तर स्वतःच्याच सहलीची उजळणी करत असतो.

इथं एक गोष्ट राहिलीच आहे: मोकळा दिवस कोणत्या वाराचा? अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. हा एक वार चुकला तर बाकी सगळी माहिती फुकट जाते, म्हणून उत्तराच्या आधी वार विचारायचा. ‘तसं तर सगळ्यांना माहीत असतं’ असं मनात येईल. येऊ द्या आणि तरीही लिहा. सोमवारी दारापर्यंत जाऊन परत फिरणारी माणसं असतातच.

पहिल्या वाक्यात निवाडा द्या, अटीसकट

विचारणाऱ्याला आधी हवं असतं ते ‘जा’ किंवा ‘नको’. ते शेवटपर्यंत ताणू नका. पण नुसतं ‘नक्की जा’ म्हणणंही अपुरं आहे, कारण प्रत्येक जागा कोणासाठी तरी चांगली आणि कोणासाठी तरी त्रासाची असते. म्हणून निवाड्याला लगेच अट जोडायची: ‘पायऱ्या चढता येत असतील आणि अर्धा दिवस खरोखर मोकळा असेल, तर जा. दोन तासांत उरकायचं असेल तर नका जाऊ.’

अट लिहिताना हात आखडतो. आपल्याला आवडलेल्या जागेला नाव ठेवल्यासारखं वाटतं. पण वाचणाऱ्याचा विश्वास त्या अटीवरच बसतो. जिथं काहीच कमी नाही अशी जागा कोणी पाहिलेली नाही, त्यामुळं सगळंच छान लिहिलं की वाचणारा मनातल्या मनात निम्मं वजा करतो आणि नेमकं कोणतं निम्मं खरं, ते त्याला कळत नाही.

‘स्वर्ग’, ‘अविस्मरणीय’, ‘शब्दांत सांगता येणार नाही’ हे शब्दही याच पायरीवर गाळायचे. त्यांच्या जागी एक पाहण्याजोगी गोष्ट ठेवा. ‘26 क्रमांकाच्या लेण्यात डाव्या भिंतीला बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची मोठी मूर्ती आहे, आडवी, ती चुकवू नका’ हे वाक्य वाचून माणूस तिथं जाऊन डावीकडं वळतो. ‘अप्रतिम शिल्पकला’ वाचून तो कुठंच वळत नाही.

शेवटचा टप्पा सगळ्यात जास्त लिहा

मोठ्या रस्त्यानं कसं यायचं, हे नकाशा सांगतो. जळगावहून साधारण 60 किलोमीटर, छत्रपती संभाजीनगरहून साधारण 100, हे आकडे एका ओळीत देऊन पुढं जा. माणसं अडतात ती शेवटच्या चार-पाच किलोमीटरमध्ये आणि तिथली माहिती प्रत्यक्ष जाऊन आलेल्याकडंच असते. शिफारस लिहिताना तुमचं खरं भांडवल तेवढंच आहे, म्हणून तिथं हात सैल सोडायचा.

अजिंठ्याला या टप्प्यात दोन खाचा आहेत. पहिली नावाची. अजिंठा नावाचं गाव वेगळं आणि लेणी वेगळी. गाव घाटाच्या वर पठारावर आहे. लेण्यांसाठी घाट उतरून फर्दापूरच्या बाजूला यावं लागतं. नकाशात नुसतं ‘अजिंठा’ टाकलं तर गावात नेऊन सोडण्याची शक्यता राहते. जळगावहून येणाऱ्याला फर्दापूर आधी लागतं, त्यामुळं त्याला हा धोका कमी. संभाजीनगरहून येणाऱ्याला मात्र हे आवर्जून सांगायला हवं. बघा, एकच माहिती एकाला मोलाची आणि दुसऱ्याला अडगळ. म्हणून तर आधी कुठून येणार ते विचारायचं.

दुसरी खाच गाडीची. खासगी गाडी थेट लेण्यांपर्यंत जात नाही. महामार्गावरच्या तिठ्याजवळ गाड्या थांबतात आणि तिथून सुमारे चार किलोमीटर बसनं जावं लागतं. म्हणजे गाडीत ठेवलेली आईची औषधं, पाण्याची बाटली, पोराची टोपी, सगळं बसमध्ये चढण्याआधीच काढून घ्यायला हवं. वर पोहोचल्यावर ‘गाडीतून घेऊन येतो’ म्हणण्याची सोय नाही. ही एक ओळ दहा विशेषणांपेक्षा कामाची आहे. परतीच्या शेवटच्या बसची वेळही चढतानाच विचारून ठेवायला सांगा. वेळ स्वतः लिहून देऊ नका, कारण ती बदलू शकते. कोणाला आणि कधी विचारायचं, हे मात्र बदलत नाही.

कोणतीही जागा सुचवताना शेवटच्या टप्प्याचे हेच प्रश्न स्वतःला विचारून पाहा: वाहन नेमकं कुठं थांबतं? तिथून पुढं पायी किती आणि चढ किती? परत यायला शेवटचं वाहन कोणतं? फोनला रेंज कुठं जाते? नावात गोंधळ होण्यासारखं दुसरं ठिकाण आहे का? चारपाच ओळींत उत्तरं बसतात.

चढ आणि चाल मापात सांगा

बढाई सगळ्यात जास्त इथं शिरते. ‘सोपं आहे, आम्ही तर बोलत बोलत चढलो.’ ज्यानं हे लिहिलं त्याचं वय, वजन, सराव आणि पाठीवरचं ओझं वाचणाऱ्याला माहीत नसतं. ‘सोपं’ हा शब्द जागेबद्दल काही सांगत नाही, लिहिणाऱ्याच्या पायांबद्दल सांगतो. ‘जीव गेला चढताना!’ हाही त्यातलाच प्रकार. कष्टांची बढाई ही सुद्धा बढाईच असते.

उपाय सोपा आहे. स्वतःची वेळ न देता वाटेचं माप द्या: अंतर किती, उंची किती वाढते, पायऱ्या आहेत की मुरमाड वाट, सावली आहे का, मधे बसायला जागा आहे का. एवढं दिलं की वाचणारा आपापला हिशेब करतो.

डोंगरवाटांसाठी एक जुना आडाखा फार उपयोगी पडतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं तो 1892 साली मांडला. मूळ मैल-फुटांतला आडाखा आपल्या मापात असा होतो: सपाटीवर दर पाच किलोमीटरला एक तास आणि शिवाय दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. समजा वाट सहा किलोमीटरची आहे आणि उंची 600 मीटर वाढते. सहा किलोमीटरचे एक तास बारा मिनिटं, चढाईचा एक तास, मिळून दोन तास बारा मिनिटं. पण हा हिशेब धडधाकट माणसाचा, चांगल्या वाटेवरचा आणि न थांबता चालण्याचा. मुलं बरोबर असतील, ऊन असेल, दर वळणावर फोटो काढायचे असतील, तर वेळ सहज दीडपट-दुप्पट होते. कातळावर हात लावून चढावं लागत असेल तर हा आडाखा वापरूच नका.

या आडाख्याचा दुसरा फायदा म्हणजे तुमचीच वेळ तपासता येते. तुम्हाला ती वाट दीड तासात पार झाली असेल तर तुम्ही सरासरीपेक्षा वेगानं चालता. मग शिफारशीत तुमचा दीड तास लिहिणं म्हणजे दुसऱ्याला अडचणीत टाकणं. अंधार पडायच्या आत खाली यायचं असेल तर हा फरक गमतीचा राहत नाही.

अजिंठ्याला डोंगर चढायचा नाही, पण पायऱ्या आहेत. बस थांबते तिथून तिकीटघर आणि मग लेण्यांच्या पातळीपर्यंत पायऱ्यांचा चढ. त्यानंतर वाघूर नदीच्या वळणाला धरून घोड्याच्या नालेच्या आकारात लेणी ओळीनं आहेत आणि वाट बरीचशी एका पातळीवर जाते, मधे मधे थोड्या पायऱ्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी साधारण अर्धा किलोमीटर. म्हणजे सत्तरीच्या आईचा कस सुरुवातीच्या चढावर लागणार, पुढच्या चालीवर कमी. तो चढ जमत नसेल तर उचलून नेणारे डोलीवालेही तिथं असतात. आता ‘आईला जमेल का?’ या प्रश्नाला ‘जमेल की!’ यापेक्षा बरं उत्तर तुमच्या हातात आलं.

काय पाहायचं, ते क्रमानं आणि थोडंच

जाऊन आलेल्याला सगळं सांगावंसं वाटतं. वाचणाऱ्याला मात्र वेळ कमी पडला तर काय आधी पाहायचं, एवढं हवं असतं. तीन-चार गोष्टी निवडा आणि त्या का निवडल्या, ते अर्ध्या वाक्यात सांगा.

अजिंठ्यात लेण्यांचे क्रमांक जागेनुसार आहेत, काळानुसार नाहीत. एक नंबरचं लेणं सर्वांत जुनं असं समजून लोक ‘सुरुवातीपासून’ पाहायला लागतात. प्रत्यक्षात 9 आणि 10 ही जुन्यांपैकी, इसवी सनापूर्वीच्या शतकांतली, आणि 1, 2, 16, 17 ही चित्रांसाठी नावाजलेली लेणी वाकाटकांच्या काळातली, इसवी सनाच्या पाचव्या शतकातली. पण आपल्या प्रश्नातल्या आईसाठी क्रमांकांची ही रचना सोयीचीच आहे: पायऱ्या चढून आलं की 1 आणि 2 ही लेणी तोंडाशीच लागतात. पद्मपाणी बोधिसत्त्वाचं प्रसिद्ध चित्र पहिल्याच लेण्यात आहे. म्हणजे आई तिथून पुढं गेली नाही तरी मुख्य गोष्ट तिची पाहून झालेली असेल. उरलेल्यांनी 10, मग 16-17, 19 आणि जमलं तर 26.

जाऊन आल्याशिवाय सुचत नाही अशी गोष्ट इथं नक्की घाला. चित्रांच्या लेण्यांत उजेड मुद्दाम मंद ठेवलेला असतो आणि फ्लॅश वापरायला मनाई आहे. बाहेरच्या उन्हातून आत शिरलं की पहिली काही मिनिटं भिंती नुसत्या काळपट दिसतात आणि लोक ‘सगळं पुसलंय’ म्हणत बाहेर पडतात. डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो. पाच-दहा मिनिटांत बराच फरक पडतो. तेव्हा आत जाऊन आधी शांत उभं राहायचं, मग भिंतीकडं बघायचं. शिवाय या लेण्यांत चपला-बूट बाहेर काढावे लागतात, म्हणून पटकन निघणारं पायताण घालून जाणं बरं. नाड्यांचे बूट असले की आईला दरवेळी वाकावं लागतं.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. 1819 साली शिकारीसाठी त्या भागात आलेला जॉन स्मिथ हा इंग्रज लष्करी अधिकारी 10 क्रमांकाच्या लेण्यात शिरला आणि त्यानं तिथल्या खांबावरच्या चित्रावर आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. लेणी पुन्हा जगासमोर आली ती या भेटीनंतर, हे खरं. पण त्या खांबावर त्यानं पुढच्या माणसासाठी काय लिहिलं? मी आलो होतो, एवढंच. आपण ‘आम्ही आधीच जाऊन आलो’ असं लिहितो, तेव्हा भिंत खराब होत नाही, इतकाच फरक.

माहिती कधीची आणि कोणाची, ते नोंदवा

‘मागच्या महिन्यात गेलो होतो’ हे वाक्य सहा महिन्यांनी कोणी वाचलं तर निरुपयोगी होतं. महिना आणि वर्ष लिहा. ऋतू त्यातून कळतोच आणि जागा ऋतूप्रमाणं बदलते. अजिंठ्याला पावसाळ्यात नदीला पाणी असतं, दरीच्या टोकाला धबधबा पडतो, डोंगर हिरवे असतात. एप्रिल-मे मध्ये तोच काळा कातळ तापलेला असतो आणि दुपारी लेण्यांमधली वाट नकोशी होते. पावसाळ्यात गेलेल्यानं ‘हवा छान’ लिहिलं आणि वाचणारा मे महिन्यात गेला, तर दोघांपैकी कोणीच खोटं बोललेलं नसतं.

वारही लिहा. ‘गर्दी नव्हती’ हे मंगळवारचं असेल तर रविवारी लागू पडत नाही. ‘मंगळवारी सकाळी गेलो, पहिल्या लेण्याबाहेर थांबावं लागलं नाही’ एवढं लिहिलं की वाचणारा स्वतः अंदाज बांधतो.

तिकिटाचे आणि भाड्याचे आकडे मी सहसा देत नाही. ते सगळ्यात लवकर शिळे होतात आणि जुना आकडा धरून कोणीतरी खिडकीवर वाद घालतो. द्यायचेच असतील तर तारखेसकट द्या. कुठं कुठं पैसे पडतात, हे मात्र जरूर सांगा: इथं बसचं तिकीट वेगळं आणि लेण्यांचं वेगळं. ‘दोन तिकिटं लागतात’ हे पुष्कळ दिवस खरं राहील.

आणि स्वतः पाहिलेलं, कोणाकडून ऐकलेलं, फलकावर वाचलेलं यांची सरमिसळ करू नका. डोलीत तुम्ही कोणाला बसवलं नसेल तर ‘डोलीवाले दिसले, दर विचारला नाही’ असं लिहा. ‘डोलीची उत्तम सोय आहे’ असं लिहिलंत आणि त्या भरवशावर कोणी वृद्ध माणसाला घेऊन गेलं, तर ‘उत्तम’चा अर्थ त्यांना पायऱ्यांशी उभं राहून शोधावा लागेल.

लिहून झालं की ‘मी’ शोधा

मसुदा झाला की एकदा फक्त बढाईसाठी वाचा. प्रत्येक ‘मी’ आणि ‘आम्ही’पाशी थांबून विचारा: या वाक्यातून वाचणाऱ्याचा एखादा निर्णय होतो का? ‘आम्ही शनिवारी गेलो होतो’ यातून होतो, म्हणून ते राहू द्या. ‘आमची ही तिसरी खेप’ यातून होत नाही, काढा. स्वतःला पूर्ण पुसून टाकायचं असा याचा अर्थ नाही. आपण कोण आणि कोणत्या परिस्थितीत गेलो, हे वाचणाऱ्याला कळायलाच हवं, नाहीतर माहितीला आधार उरत नाही.

काही बढाया साळसूद असतात, त्या सहज सापडत नाहीत. ‘खरं तर हे ठिकाण कोणाला फारसं ठाऊक नाही’ म्हणजे मला ठाऊक आहे. ‘लोक उगाच तिकडं गर्दी करतात, त्यापेक्षा हे पाहा’ म्हणजे माझी आवड वरची. ‘आता आम्हाला अशा जागांचं काही वाटत नाही’, याला तर उत्तरच नाही. दुसऱ्या जागेला कमी लेखून आपली जागा मोठी करू नका. विचारणारी व्यक्ती कदाचित तिथंच जाऊन आलेली असेल आणि तिला ती आवडलेलीही असेल.

फोटोंनाही हीच कसोटी. पायऱ्यांचा चढ दिसणारा फोटो, वेळांच्या फलकाचा फोटो, बस थांबते त्या जागेचा फोटो कामाचे. चढावर कोणी माणूस उभं असेल तर उलट बरंच, उंचीचा अंदाज येतो. हसऱ्या चेहऱ्यामागं लेणं झाकलं गेलेला फोटो घरच्यांसाठी ठेवा.

आता सगळं जोडून

आधी ती पहिली तऱ्हा पाहा, आपण सगळ्यांनी कधी ना कधी वाचलेली:

‘अजिंठा म्हणजे अद्भुत!! नक्की जा. आम्ही सकाळी निघून दुपारपर्यंत सगळी लेणी आरामात पाहिली. चढ काही नाही, आजीआजोबा पण चढत होते. गर्दी नव्हती. आमच्या ओळखीच्या गाइडनं अशा गोष्टी दाखवल्या ज्या सहसा कोणाला दाखवत नाहीत.’

यात खोटं काही नसेलही. पण प्रश्न विचारणारी वार चुकवू शकते, औषधं गाडीत विसरू शकते, आईला चढ नाही असं सांगून पायऱ्यांपुढं उभी करू शकते. आणि तो ओळखीचा गाइड तिला मिळणारच नाही, मग त्याचा उल्लेख कशाला?

दुसरी तऱ्हा:

‘मोकळा दिवस सोमवार नसेल तर जा, सोमवारी लेणी बंद असतात. जळगावहून साधारण 60 किलोमीटर, जायला दीड-दोन तास धरा. सकाळी लवकर निघालात तर ऊन चढायच्या आत पायऱ्या होतील. फर्दापूरजवळच्या तिठ्यावर गाडी सोडावी लागते, पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसनं. पाणी, औषधं, टोपी तिथंच बरोबर घ्या. परतीची शेवटची बस किती वाजता, ते चढतानाच विचारा. बसचं आणि लेण्यांचं तिकीट वेगळं.

आईंसाठी: सुरुवातीला पायऱ्यांचा चढ आहे, नंतरची वाट बरीचशी सपाट. डोलीवाले दिसले, दर मी विचारला नाही. वर पोहोचल्यावर 1 आणि 2 ही चित्रांची लेणी लगेच आहेत; आईंनी तेवढी पाहिली तरी येणं सार्थकी लागेल. आत अंधार असतो, पाच-दहा मिनिटं थांबलात की चित्रं दिसू लागतात. चपला काढाव्या लागतात. फ्लॅश चालत नाही.

मुलाला घेऊन पुढं गेलात तर 10, 17 आणि 26 पाहा. 26 मधली बुद्धाची आडवी मूर्ती मुलांना आवडते. सगळी लेणी एका खेपेत पाहायचा आग्रह नको, दहा लेणी पाहून झाली की मुलं कंटाळतात.

मी डिसेंबर 2024 मध्ये शनिवारी गेलो होतो, गर्दी होती, चित्रांच्या लेण्यांबाहेर थांबावं लागलं. उन्हाळ्यातलं मला सांगता येणार नाही.’

दुसरीत ‘मी’ दोनदाच आला आहे आणि दोन्ही वेळा माहितीची मर्यादा सांगायला. लांबी जास्त आहे, हे कबूल; पण आई आणि मुलगा यांच्यासाठी परिच्छेद वेगळे केल्यामुळं ज्याला जे हवं ते पटकन सापडतं. एकट्या तरुण माणसानं विचारलं असतं तर मधला परिच्छेद पुरता गेला असता.

काही जागा नावानिशी सुचवू नयेत

अजिंठ्यासारख्या ठिकाणी राखणदार आहेत, बंदिस्त वाट आहे, येणाऱ्यांची सवय आहे. पक्ष्यांच्या विणीची कपार, कोणाच्या खासगी रानातून जाणारी वाट, पाण्याचा अंदाज न येणारा डोह, अशा जागांचं तसं नसतं. तिथं नकाशावरची खूण देण्याआधी एवढं पाहा की पन्नास माणसं एका रविवारी आली तर ती जागा आणि ती माणसं, दोघं धड राहतील का. डोहाबद्दल सांगायचंच झालं तर धोका निवाड्याच्या आधी, पहिल्या ओळीत. ‘पोहायला मस्त, फक्त जरा जपून’ या वाक्यात ‘जरा जपून’ कोणी वाचत नाही.

सुचवून झाल्यावर कोणी जाऊन आलं आणि म्हणालं, ‘बस आता दुसरीकडून सुटते’, तर वाद घालू नका. मूळ मजकुरात दुरुस्ती करा, दुरुस्तीचा महिना-वर्ष लिहा आणि जुनी ओळ काढून टाका. दोन्ही ओळी राहिल्या तर घाईत वाचणाऱ्याच्या डोळ्यांत नेमकी जुनीच भरते.